टॅरो, कोल्ड रीडिंग आणि एक शंका: परभणीचे पत्र व त्याचे उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी परभणीतील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझी धाकटी बहीण मध्यंतरी छत्रपती संभाजीनगरला आपल्याकडे टॅरोच्या चित्रपत्त्यांवरून भविष्य विचारायला येऊन गेली आणि तेव्हापासून ‘मी काहीच सांगितले नव्हते, तरी त्यांनी सगळे ओळखले’ असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. नेमके काय ओळखले, असे मी विचारले तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या: तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण त्याची जाणीव कोणी ठेवत नाही, माहेरच्या एका व्यवहाराची सल अजून मनात आहे, आणि लवकरच तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल. शेतकरी घरातून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या विवाहित बाईला यातले काय लागू पडणार नाही, हे मला कळत नाही. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीचा विषय ज्या घरात निघालेला नाही, असे घर शोधावे लागेल.

बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘त्याचा’ म्हणून जो अहवाल दिला तो सर्वांना एकच होता. त्यातली बहुतेक वाक्ये त्याने भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातून उचलली होती. तरीही विद्यार्थ्यांनी त्या अहवालाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. समोरच्याचे वय, पेहराव, बोली आणि चेहऱ्यावरची हालचाल टिपत, अशी सर्वांना बसणारी वाक्ये हळूहळू एकाच माणसावर नेमकी बसवत जाणे, यालाच कोल्ड रीडिंग म्हणतात, हे आपणास ठाऊक असेलच.

माझा प्रश्न उपहासाने विचारलेला नाही. पत्त्यांमुळे काही कळते, की पत्ते हे निव्वळ निमित्त असून सारे काम कोल्ड रीडिंग करते? आणि दुसरे असे की, आपल्या पुढ्यात चुकून दुसऱ्याच कोणाचे पत्ते मांडले गेले असते, तर माझ्या बहिणीला फरक जाणवला असता का?

आपला,
एक विज्ञानशिक्षक, परभणी

आदरणीय सर,
नमस्कार.

आपल्या भगिनींच्या बैठकीत काय झाले, हे मी लिहिणार नाही. समोर बसलेल्या व्यक्तीचे बोलणे त्या खोलीबाहेर जात नाही आणि सख्ख्या भावासाठीही तो नियम मोडत नाही. मात्र आपण दिलेल्या तीन वाक्यांविषयी सर्वसाधारणपणे बोलायचे, तर आपले म्हणणे बरोबर आहे. ती वाक्ये जवळजवळ कोणालाही लागू पडतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो अधिक अवघड आहे आणि आमच्यातले बरेच जण तो टाळतात. दुसऱ्याचे पत्ते मांडले गेले असते तर फरक जाणवला नसता, असेच मला वाटते. रे हायमन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तरुणपणी पैशासाठी हात पाहत आणि लोक इतके समाधानी होत की त्यांचा स्वतःचाच हस्तरेषांवर विश्वास बसला होता. मग एका जाणकार स्नेह्याच्या सूचनेवरून त्यांनी रेषा जे सांगतात त्याच्या मुद्दाम उलट सांगून पाहिले आणि तेही लोकांना तितकेच पटले. हायमन लबाड नव्हते, हे यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोल्ड रीडिंग करणाऱ्याला आपण ते करतो आहोत हे माहीत असावेच लागते, असे नाही. समोरची बाई किंचित पुढे झुकली की माझे वाक्य त्या दिशेला वळते, ती गप्प झाली की मी विषय बदलते, आणि रात्री मला मात्र ‘पत्ते आज छान बोलले’ एवढेच आठवते. म्हणून ‘मी मनापासून वाचते, फसवत नाही’ हे उत्तर माझ्या सचोटीबद्दल काही सांगत असेल, पत्त्यांबद्दल काहीही सांगत नाही. आमच्या क्षेत्रात हे उत्तर फार सर्रास दिले जाते.

प्राचीनतेचा आधारही मी घेणार नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. त्यांत इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे, असे कूर दे जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये लिहिले, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती. आज आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा संच तर लंडनमध्ये १९०९ साली निघाला आणि त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली.

तरीही पत्ते निव्वळ निमित्त आहेत, हे मला पूर्ण मान्य नाही, आणि याचे कारण ती चित्रेच आहेत. पाठीत दहा तलवारी खुपसलेला, पालथा पडलेला माणूस पाहून एखादी बाई म्हणते, ‘हे माझ्या दिराने केले’, तर दुसरी त्याच पत्त्यावर म्हणते, ‘आता यापुढे आणखी वाईट काय होणार?’ यातले मी काहीच ओळखलेले नसते. तिने आपले दुःख चित्रात पाहिले आणि ते पहिल्यांदा मोठ्याने बोलली. सासरच्या माणसांसमोर जे बोलता येत नाही, ते चित्राविषयी बोलता येते. याला भविष्यकथन म्हणू नये. हे काम चांगला कीर्तनकार किंवा समजूतदार मावशीही करू शकते, फक्त त्यांच्याकडे पत्ते नसतात.

सगळे प्रामाणिक रीडर माझ्यासारखे उत्तर देणार नाहीत. काही जणांची पत्त्यांमागच्या शक्तीवर खरी श्रद्धा असते आणि ते तसे स्पष्ट सांगतात. त्यांच्याशी माझे पटत नाही, पण त्यांना मी फसवे म्हणणार नाही. फसवेपणा तेथे सुरू होतो, जेथे बाहेर बसलेल्या माणसाने गप्पांतून काढून घेतलेली किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोवरून जुळवलेली माहिती ‘पत्त्यांनी सांगितली’ म्हणून परत दिली जाते, आणि मग बाधेची भीती घालून तोडग्याचे पैसे घेतले जातात. तो प्रकार कोल्ड रीडिंगही नव्हे. ती आधीच माहिती काढून केलेली लबाडी आहे, आणि दैवी शक्तीच्या नावाने भीती घालून लुबाडणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर, बैठकीपूर्वीच मी सांगते की मला भविष्य दिसत नाही आणि तुमच्या बोलण्या-वागण्यातून मला पुष्कळ कळत असते. एखादी गोष्ट अंदाजाने बोलले, तर ‘हा अंदाज होता’ असेही म्हणते. लातूरहून पालक येतात आणि मुलाला ‘नीट’मध्ये किती गुण पडतील असे विचारतात, तेव्हा पत्ते पिशवीतच राहतात. आजार, गर्भ आणि कोर्टकचेरी यांवरही मी पत्ते काढत नाही. आणि कोणी महिन्यात तोच प्रश्न घेऊन परत आले, तर त्यांना परत पाठवते. यामुळे माझे उत्पन्न घटते, हे खरे. लोकांना खात्री हवी असते आणि खात्री विकणारे दोन गल्ल्यांवर बसलेले असतात. एक अडचण मात्र सोडवता आलेली नाही: एवढे सांगूनही बाहेर पडताना काही जण ‘सगळे ओळखले’ असेच म्हणतात. जुळलेले वाक्य लक्षात राहते आणि हुकलेली विसरली जातात, त्यावर माझ्या आधीच्या खुलाशाचा फारसा परिणाम होत नाही.

आपण शिक्षक आहात, तेव्हा एक प्रयोग सुचवते. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखायच्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांच्या बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवण्याइतकेच. त्याच धर्तीवर आपण पाच व्यक्ती निवडा. त्या मला दिसू नयेत, ऐकू येऊ नयेत. प्रत्येकीसाठी मी पत्ते काढून वाचन लिहून देईन, आपण ते टंकलिखित करून नावाशिवाय पाचही जणींना द्या, आणि आपले वाचन कोणते ते प्रत्येकीने ओळखावे. अंदाजानेसुद्धा सरासरी एक उत्तर बरोबर येईल, तेव्हा एवढ्या लहान प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा नाही. जमल्यास वेगवेगळ्या गटांवर तो पुन्हा करू. बहुतेकींना ओळखता येणार नाही, असा माझा अंदाज मी आजच लिहून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कोणताही रविवार मला चालेल, परभणीला मी स्वतः येईन. फक्त आपल्या भगिनींना त्या पाच जणींत घेऊ नये, कारण त्यांची आणि माझी ओळख झालेली आहे.

आपली,
एक टॅरो रीडर, छत्रपती संभाजीनगर