डाळ मिल की थ्रेशर? ८ लाखांचा निर्णयवृक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील गावगटासाठी. आकडे लाख रुपयांत. टोकाची रक्कम म्हणजे ३ वर्षांत खर्च वजा जाता हाती येणारा पैसा, यंत्राच्या शेवटच्या किमतीसह. □ निर्णय, ○ शक्यता.

```
□ न१
├─ डाळ मिल (गुंतवणूक ८)
│  └─ ○ क१ = ११.८
│     ├─ ०.६ तूर चांगली → ○ क२ = १५
│     │      ├─ ०.५ पाकीटबंद विक्री  १८
│     │      └─ ०.५ व्यापाऱ्याला ठोक  १२
│     └─ ०.४ मर रोग → □ न२ = ७
│            ├─ बाहेरून तूर आणणे   ७ ✔
│            └─ मिल विकणे         ४ ✘
└─ थ्रेशर (५) + ३ ची मुदत ठेव
   └─ ○ ख = ७.८
      ├─ ०.७ पाऊस वेळेवर उघडला  ९
      └─ ०.३ परतीचा पाऊस लांबला  ५
```

उजवीकडून डावीकडे सोडवा.

क२ = ०.५×१८ + ०.५×१२ = १५
क१ = ०.६×१५ + ०.४×७ = ११.८, निव्वळ ११.८ − ८ = ३.८
ख = ०.७×९ + ०.३×५ = ७.८, निव्वळ २.८. ठेवीचे ७ टक्के सरळव्याज ०.६३. एकूण ३.४३

न१: डाळ मिल, पण फरक जेमतेम ३७ हजारांचा.

हमखास चूक न२ वर होते. तिथे सरासरी नको, मोठा आकडाच घ्यायचा. निवड आपल्या हातात असते. सरासरी ५.५ धरली तर मिल ३.२ वर येते आणि उत्तरच उलटते. ठेवीचे व्याज विसरणे ही दुसरी चूक.

तूर चांगली येण्याची शक्यता ०.५५ खाली गेली की थ्रेशर सरस. मर लागलेल्या रानातच पुन्हा तूर घेणार असाल तर ०.६ हा आकडा जरा धाडसाचाच. शिवाय मर लागली तर मिलमध्ये १ लाख बुडतात. थ्रेशरमध्ये मुद्दल सुटते.