शेपटीवरून भांडण

(इयत्ता चौथीसाठी बाहुलीनाट्य)

बाहुल्या : नागोबा एस (हिरवा मोजा, एस अक्षरासारखा वळवलेला), माऊस (करडा मोजा, तसेच दोन उंदीर पडद्याआड तयार), चाईल्ड (दोन वेण्यांची मुलगी), ऑक्स आजोबा, शीप, पुठ्ठ्याची दोन घरं, तीन मांजरी.

(दोन बाकांमध्ये आडवी साडी, तोच पडदा. प्रेक्षकांतली मुलं उत्तरं देतील तेव्हा बाहुल्यांनी थांबायचं. गोंगाट झाला तरी चालेल.)

नागोबा : स्स्स! ओळखलंत का? मी इंग्रजीतला एस. एकाचे अनेक करायचेत? मला मागे चिकटवा, झालं काम! एक बुक, दोन...?

मुलं : बुक्स!

नागोबा : माझ्यावाचून इथे कुणाचं पान हलत नाही. चला, पुढचा नंबर!

(घर येतं. नागोबा त्याच्या मागे चिकटतो. टुणकन दुसरं घर वर येतं.)

नागोबा : हाऊस, हाऊसेस! पुढे?

(माऊस येतो. नागोबाला पाहून थबकतो.)

माऊस : अरे बापरे! साप!

नागोबा : घाबरतोस काय? वळ. शेपटीला चिकटतो, की झाला माऊसेस!

माऊस : मी उंदीर, तू साप. तुला पाठीशी घेऊन फिरू? उद्या मी उरेन का?

नागोबा : ते हाऊस बघ. एच काढून एम लावला की तूच! त्याने घेतलं ना मुकाट्याने?

माऊस : घराला काय, त्याला कुठे पळायचंय? मला शेपूट नकोच. मी पोटातच बदल करतो. (खाली जातो. खुडबुड, ढेकर. दोन उंदरांसह वर येतो.) ओ-यू गिळले, आय बसवला, एसच्या जागी सी! एम-आय-सी-ई!

तिन्ही उंदीर : माईस! माईस! माईस!

नागोबा : ही फसवणूक आहे! मास्तरांना सांगतो!

(चाईल्ड येते, कमरेवर हात.)

चाईल्ड : कोण भांडतंय रे? डबासुद्धा नीट खाऊ देत नाहीत.

नागोबा : ये बाळ. तू शहाणी. वळ बघू. चाईल्ड... चाईल्ड्स!

चाईल्ड : ईऽऽ! मुलांनो, मी चाईल्ड्स?

मुलं : नाऽऽही!

चाईल्ड : मग कोण?

मुलं : चिल्ड्रन!

नागोबा : आर-ई-एन? एवढी लांब शेपूट! कुठून चोरलीस?

चाईल्ड : चोरली नाही! घरचीच आहे. आजोबाऽऽ!

(ऑक्स आजोबा हळूहळू वर येतात. घंटा वाजते. आजोबांनी सावकाशच बोलायचं, हशा त्यातच आहे.)

ऑक्स : काय गं पोरी?

चाईल्ड : हा मला चोर म्हणतो.

ऑक्स : नागोबा, तू लहान होतास तेव्हाची गोष्ट. तेव्हा इंग्रजीत कितीतरी जणांना 'एन'ची शेपूट होती. पुढे तू मोठा झालास आणि एकेकाची शेपूट खाल्लीस. मी मात्र जागचा हललो नाही. एक ऑक्स, दोन ऑक्सन!

नागोबा : आणि ही?

ऑक्स : हिचं पूर्वी 'चिल्डर' व्हायचं. तेच अनेकवचन होतं. पण लोकांचं समाधान होईना, वर आणखी 'एन' लावला. पोरीला दोन शेपट्या!

चाईल्ड : (वेण्या उडवत) दोन! दोन!

माऊस : हा अन्याय आहे! मला एकही नाही आणि हिला दोन?

चाईल्ड : तूच म्हणालास, शेपूट नको!

माऊस : सापाची नको म्हणालो!

नागोबा : मराठीत बघा, कसं सोपं असतं!

माऊस : हो? मुलांनो, मराठीत एक उंदीर, दहा...?

मुलं : उंदीर!

माऊस : बघ! तिकडे तर मी बदलतच नाही.

चाईल्ड : आणि माझं? एक मूल, दहा मुलं. मूल-मूल नाही म्हणत कुणी!

(शीप मान वर काढते.)

शीप : बेंऽऽ! एक शीप, शंभर शीप. जेवायला चला.

(शीप गुडुप. सगळे क्षणभर गप्प.)

नागोबा : (रडवेला) टूथकडे गेलो तर टीथ. फूटकडे गेलो तर फीट. मॅनकडे गेलो तर मेन. सगळे पोटातच बदल करतात. मला कुणी घेईल का?

(पडद्याआडून : "म्याऊ!" एक मांजर वर येते.)

कॅट : मी घेईन की!

नागोबा : खरंच? (चिकटतो.) मुलांनो, एक कॅट, दोन...?

मुलं : कॅट्स!

(दुसरी मांजर वर येते. मग तिसरी. तिघी माईसकडे वळतात.)

माऊस : अहो नागोबा... जरा सुटता का मागून?

नागोबा : स्स्स! माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही!

(उंदीर पळतात, मांजरी मागे. साडी घसरून पडते. पडली नाही तर ऑक्स आजोबांनी शिंगाने ओढावी.)