चिंचेचं कार्यालय, वाई: एका दिवशी एकच लग्न

नमस्कार, या बसा!

पाटीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, वाईत रिक्षावाल्याला "चिंचेचं कार्यालय" म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. गेटात जुनी चिंच आहे म्हणून. हॉल सासऱ्यांनी बांधला, आता मी आणि नवरा बघतो, आणि ही वेबसाइट मीच लिहिलीय, त्यामुळे भाषा जरा घरगुती आहे, चालवून घ्या.

सगळ्यात आधी हे सांगते की आम्ही एका दिवशी एकच लग्न घेतो. माझ्या बहिणीच्या लग्नात (दुसऱ्या गावी, नाव नाही घेत) विहीण पंगत बसलेली असताना मॅनेजर येऊन उभा राहिला की साडेचारला पुढची पार्टी येतेय, खोल्या खाली करा. आई अर्ध्या ताटावरून उठून साड्या पिशवीत कोंबत होती. ते डोक्यात बसलंय. म्हणून आमच्याकडे मागे कुणी उभं नसतं.

फोटो गॅलरी

सगळे फोटो आमच्या मोबाइलवर काढलेत, खऱ्या लग्नांतले, त्या त्या घरच्यांना विचारूनच टाकलेत. रिकाम्या हॉलचे रुंद लेन्सचे फोटो मुद्दाम टाकले नाहीत, त्यात गोठापण दरबार हॉल दिसतो.

फोटो 1: अंतरपाट धरलाय, मामा नवरीला घेऊन आलेत. मागे पंखे दिसतायत ना, ते खरेच आहेत, हॉलला एसी नाही. बारा पंखे आणि चार मोठे कूलर. मेमध्ये दुपारी गरम होतं, खोटं कशाला सांगू.

फोटो 2: रुखवताचं टेबल. खिडकीखाली आहे म्हणून उजेड छान येतो, पण साखरेच्या वस्तू असतील तर पडदा ओढून घ्या, एकदा साखरेचा अख्खा बंगला दुपारपर्यंत वाकडा झालेला.

फोटो 3: खालची पंगत. साठ पानं एका वेळी बसतात, पाट आमचे, केळीची पानं सांगितली तर आणतो. बाकीच्यांना त्याच वेळी शेजारी बुफे चालू ठेवता येतो. आजी-आजोबांसाठी टेबल-खुर्चीची एक रांग कायम लावलेली असते, मागावी लागत नाही.

फोटो 4: वधूपक्षाची मोठी खोली. भिंतभर आरसा आणि प्लगचे सहा पॉइंट. हे सहा पॉइंट मी भांडून घेतलेत, कारण केसांचं मशीन, इस्त्री आणि चार मोबाइल यांचं भांडण प्रत्येक लग्नात होतं.

फोटो 5: जुलैतलं पार्किंग. मुद्दाम पावसातला फोटो टाकलाय. मुरूम टाकलाय, चिखल होत नाही, पण चिंचेखाली गाडी लावू नका, वरून पक्षी आपलं काम करतात.

फोटो 6: मेणवलीचा घाट. हा आमचा नाही, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, पण इथे लग्न ठरलं की फोटोसाठी सगळे तिकडेच पळतात. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, 1739 सालची लूट. सकाळी सातच्या आत गेलात तर घाट रिकामा मिळतो. ढोल्या गणपतीपुढे फोटो हवे असतील तर तेही सकाळीच उरका, नंतर दर्शनाची गर्दी असते आणि लोकांना हटवून फोटो काढणं बरं दिसत नाही.

घरबसल्या हॉल फिरा

खालचं गोल बटण दाबलं की टूर सुरू होते. बोटाने स्क्रीन फिरवा, जमिनीवर पांढरे बाण दिसतील, बाणावर दाबलं की पुढे सरकता. नेट स्लो असेल तर सुरुवातीला धूसर दिसेल, दहा सेकंद थांबा. शूटिंग एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी केलंय त्यामुळे कोपऱ्यात अक्षता दिसतील आणि स्टेजवर मांजर झोपलेली आहे, ती आमचीच.

थांबा 1, गेट: वऱ्हाडाची मोठी बस आत वळते. वळून मागे बघितलंत तर रस्ता दिसेल, वरात तिथून येते.

थांबा 2, हॉल: खुर्च्या टाकून 450 माणूस बसतं. आम्ही 600 सांगू शकलो असतो, सगळे सांगतात, पण मग मधली वाट राहत नाही आणि अक्षता वाटणाऱ्या पोरी खुर्च्यांवरून उड्या मारतात.

थांबा 3, स्टेज: पायऱ्या पाच, डाव्या बाजूला उतार केलाय, व्हीलचेअर थेट वर जाते. होमासाठी वर झरोका आहे, वर बघा, दिसेल. लाजाहोमाच्या धुराने नवरीचे डोळे चुरचुरले तर फोटोत ती रडतेय असं वाटतं, खरं रडणं नंतर असतंच.

थांबा 4, खोल्या: दोन्ही पक्षांना चार-चार, दोन खाली दोन वर. वर जायला लिफ्ट नाही. गिझर सगळीकडे, पण पहाटे पाचला एकदम सगळे आंघोळीला गेले तर पाणी कोमट येतं, म्हणून मागे बंब पेटवतो.

थांबा 5, मुदपाकखाना आणि कोठी: लोक हा थांबा वगळून पुढे जातात आणि मला वाटतं हाच नीट बघावा. दोन दारं आहेत बघा, एकातून वाढपी बाहेर पडतात, दुसऱ्यातून खरकटं आत येतं. एकच दार असलं की गरम वरणाची बादली आणि उष्ट्या ताटांची टोपली समोरासमोर येतात आणि मग काय होतं ते सांगायला नको. कोठीला कुलूप आहे, किल्ली तुमच्याच माणसाकडे. तूप, काजू, नारळ सगळं तुमच्या डोळ्यांसमोर मोजून आत.

पॅकेज कुठलं घ्यायचं

| | नुसता हॉल | हॉल + जेवण | आदल्या दिवसापासून |
|---|---|---|---|
| वेळ | सकाळी 6 ते संध्या. 6 | सकाळी 6 ते संध्या. 6 | आदल्या दिवशी दुपारी 4 ते दुसऱ्या दिवशी संध्या. 6 |
| खोल्या | 8 | 8 | 8 + 60 गाद्या |
| जेवण | तुमचा आचारी | 350 ताटं | 120 रात्री, 120 नाश्ता, 350 दुपारी |
| स्टेज सजावट | तुमची | साधी, झेंडूची | फुलांची, तीन डिझाइनमधून |
| सनई-चौघडा | नाही | रेकॉर्डेड | प्रत्यक्ष, मुहूर्ताच्या वेळी |
| लाइट बिल | मीटरप्रमाणे | धरलेलं | धरलेलं |
| रक्कम | ₹70,000 | ₹1,70,500 | ₹2,95,000 |

यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे मधलं पॅकेज हातात ₹2,01,190 ला पडतं, ते आत्ताच लिहून ठेवा, नंतर "जीएसटी बोलला नव्हतात" असं नको.

आता माझं मत. नुसता हॉल स्वस्त दिसतो पण बाहेरचा केटरर 300 रुपये ताट धरला तरी 350 माणसांचे ₹1,05,000 होतात, म्हणजे एकूण ₹1,75,000, मधल्या पॅकेजच्या वर, आणि भांडी, गॅस, लाइट वेगळं. तुमच्या घरचा ठरलेला आचारी असेल, किंवा जेवण अमुक एका पद्धतीचंच लागत असेल, तरच ते घ्या. आदल्या दिवसापासूनचं पॅकेज मुंबईहून वऱ्हाड येणार असेल, सीमांतपूजन करायचं असेल तर वसूल होतं. दोन्ही घरं वाई-साताऱ्याचीच असतील तर कशाला गाद्यांचे पैसे देता, मधलं बास.

मधल्या पॅकेजच्या ताटात: जिलेबी, मठ्ठा, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, कोशिंबीर, पंचामृत, भजी, साधं वरण-भात-तूप. जिलेबीऐवजी श्रीखंड घेतलं तर ताटामागे 25 रुपये वाढतात. मांसाहार आवारात होत नाही, हळदीलाही नाही.

ताटांचा हिशोब कसा? सकाळी तुमचा माणूस आणि आमचा माणूस मिळून ताटं मोजून टेबलावर ठेवतात, शेवटी धुवायच्या आधी परत मोजतात, वापरलेली तेवढीच धरायची. 350 च्या वर गेली तर जास्तीचं ताट 330 रुपये. तीन दिवस आधी आकडा सांगा, आम्ही दहा टक्के जास्तीचं शिजवतोच, कारण पत्रिकेत "सहकुटुंब" लिहिलेलं असतं आणि लोक ते मनावर घेतात.

तारीख विचारा

आधी पंचांगाचं बोलू, म्हणजे फॉर्म वाया जाणार नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, यंदा कार्तिकी एकादशी 20 नोव्हेंबर 2026 ला आहे, तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे धुमाकूळ. यंदा मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने त्या महिन्यातली सगळी लग्नं पुढे ढकलली गेली, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर जास्तच भरलेत. 22 नोव्हेंबर, 6 डिसेंबर आणि 13 डिसेंबर हे रविवार गेले. मधल्या वारांना अजून जागा आहे, आणि मधल्या वाराला हॉलच्या भाड्यात ₹10,000 कमी. पौषात साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, निवृत्तीचा कार्यक्रम घेणार असाल तर नुसता हॉल निम्म्या भाड्यात देतो.

मुहूर्त आहे की नाही ते मात्र तुमच्या गुरुजींना विचारा, आमच्या कॅलेंडरवर फक्त हॉल रिकामा आहे की नाही एवढंच कळतं. हिरवा म्हणजे मोकळा, पिवळा म्हणजे कुणीतरी तीन दिवसांसाठी धरून ठेवलाय, लाल म्हणजे गेला.

फॉर्ममध्ये एवढंच भरा:

तुमचं नाव आणि व्हॉट्सॲप नंबर
तुम्ही कोण: वधूपक्ष / वरपक्ष / दोन्ही मिळून
पहिली पसंतीची तारीख आणि दुसरी पसंतीची (एकच लिहू नका प्लीज)
मुहूर्त: सकाळचा / दुपारचा / गोरज
अंदाजे माणसं: 200 पर्यंत / 200 ते 350 / 350 ते 450
पॅकेज: नुसता हॉल / हॉल + जेवण / आदल्या दिवसापासून / अजून ठरलं नाही
काही खास: व्हीलचेअर, उपासाचं ताट, लहान बाळासाठी वेगळी खोली, जे असेल ते

फॉर्म भरल्याने बुकिंग होत नाही. तारीख तीन दिवस फुकट धरून ठेवतो, तेवढ्यात घरातल्या मोठ्यांना घेऊन प्रत्यक्ष बघून जा, मग ₹25,000 भरले की पक्कं. लग्न 90 दिवसांपेक्षा लांब असताना रद्द झालं तर ₹5,000 ठेवून बाकी परत, त्यानंतर तीच तारीख दुसऱ्याने घेतली तरच परत.

येताना पुण्याकडून खंबाटकी घाट उतरलात की सुरूर फाट्याला वळा. जोडून सुट्ट्या आल्या की घाटात गाड्या तुंबतात, सकाळचा मुहूर्त असेल तर वऱ्हाडाची बस पहाटेच काढा.

स्पीकर रात्री दहाला बंद, तो कायदाच आहे आणि शेजारी आमच्या काकू राहतात, त्या कायद्यापेक्षा कडक आहेत. थर्माकोलची सजावट, प्लेट चालत नाही. आणि लग्न लागलं की नोंदणीचा नमुना ड त्याच दिवशी भरून घ्या, गुरुजी आणि तीन साक्षीदार तेव्हाच हाताशी असतात, नंतर सही करायला कोण कुठे सापडतंय. कोरे फॉर्म ऑफिसात ठेवलेत, पेनासकट.

फॉर्म पाठवल्यावर तुम्हाला हा मेसेज येईल:

"मिळाला तुमचा फॉर्म. संध्याकाळी सातनंतर फोन करते, दिवसा कार्य चालू असतं आणि काही ऐकू येत नाही. तोपर्यंत टूरमधला थांबा 5 परत एकदा बघा."