येसर आमटी: प्रमाण कार्ड क्र. ७ (आवृत्ती ३)

खानावळ, लातूर–अंबाजोगाई रस्ता. गॅसच्या बाजूच्या भिंतीवर, डोळ्याच्या उंचीला.

होणार: २० वाट्या, प्रत्येकी १९० ग्रॅम. वेळ: ५० मिनिटं. भांडं: काठावर नावाखाली २१५० कोरलेलं भगुणंच. तो आकडा म्हणजे रिकाम्या भगुण्याचं वजन, दुसरं भांडं घेतलं की शेवटचा हिशेब चुकतो.

सगळं वजन ग्रॅममध्ये, पाणीसुद्धा काट्यावर. मामांची एक वाटी येसर ९५ ग्रॅम भरली आणि मावशींची, शीग लावून, १२८. सकाळची आमटी वेगळी आणि रात्रीची वेगळी असं रोजचं गिऱ्हाईक उगाच म्हणत नव्हतं. म्हणून आमटीपुरती वाटी बंद.

येसर (डब्यातलं, कार्ड ६ प्रमाणे) – १६०
तेल – १२० (२० वाटणाला, १०० फोडणीला)
कांदा, सोलून उभा चिरलेला – २००
सुकं खोबरं, किसून – ६०
लसूण, सोललेला – ४०
आलं – १५
मोहरी – ६, जिरे – ६, हिंग – १
कढीपत्ता – ५
लाल तिखट – १२, हळद – ३
मीठ – ४०
कोथिंबीर, निवडून चिरलेली – ३०
गार पाणी – ८०० (१०० वाटणाला, ७०० येसराला)
उकळतं पाणी – २८००

हिंग, हळद आणि तिखट छोट्या काट्यावर मोजा. मोठा काटा १ ग्रॅम ओळखत नाही. पाणी फिल्टरचंच घ्या, बोअरच्या पाण्यानं चव फिरते.

१. खोबरं कोरडंच मंद आचेवर भाजून काढा. त्याच कढईत २० ग्रॅम तेलावर कांदा परता, १२ ते १४ मिनिटं. घड्याळापेक्षा फोटो १ बघा.

फोटो १: कढईतला कांदा, शेजारी गुळाचा खडा. कांद्याचा रंग गुळाएवढा झाला की थांबायचं. फोटो खिडकीजवळ काढलाय. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, कढई खिडकीपाशी नेऊन ताडून बघा.

२. कांदा, खोबरं, लसूण, आलं, १०० ग्रॅम पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. बोटाला रवा लागला तर पुन्हा फिरवा.

३. येसर ७०० ग्रॅम गार पाण्यात कालवा. पाणी थोडं थोडं घाला आणि १० मिनिटं ठेवा. येसरात गहू, बाजरी, डाळी भाजून दळलेल्या असतात. गरम पाणी लागलं की पिठाचं वरचं कवच शिजतं आणि आत कोरडं राहतं. त्याच गुठळ्या.

फोटो २: बरोबर कालवण. पळीवरून एकसंध धार.
फोटो ३: मुद्दाम चुकीचं. उकळत्या पाण्यात कोरडं येसर टाकून काढलेला. असं झालं तर ते गिऱ्हाइकाला वाढायचं नाही, घोटून दुरुस्तही करायचं नाही.

४. १०० ग्रॅम तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरे, हिंग, कढीपत्ता, मग वाटण. कडेनं तेल सुटेपर्यंत परता, साधारण ८ मिनिटं. आच बारीक करून हळद, तिखट घाला आणि लगेच ५० ग्रॅम उकळतं पाणी मारा (२८०० पैकीच). तिखट जळलं तर तवंग काळा पडतो आणि घशाला लागतो.

५. उरलेलं उकळतं पाणी, मीठ. खळखळ उकळी आली की येसर तळापासून ढवळून, धारेनं ओता, दुसऱ्या हातानं पळी चालू ठेवा. पुन्हा उकळी आली की मंद आचेवर १२ मिनिटं, झाकण अर्धं. दर दोन मिनिटांनी तळ खरवडा, येसर खाली बसतं.

६. गॅस बंद. भगुण्यासकट काट्यावर ६१०० दिसायला हवं, १०० इकडंतिकडं चालेल. जास्त भरलं तर उकळा, कमी भरलं तर उकळतं पाणी घाला. चवीवर अंदाज नको, जेवून आलेल्या माणसाची जीभ वेगळं सांगते. कोथिंबीर शेवटी.

फोटो ४: वाढलेली वाटी, वरून. तवंग कडेनं, मधे आमटीचा रंग दिसतो. आमटी पातळच असते; भाकरी कुस्करल्यावर वाटीत रस उरला पाहिजे.

वाढप्यांसाठी: पळी प्रत्येक वेळी तळातून फिरवून. पहिल्या दहा जणांना नुसता तवंग आणि शेवटच्यांना गाळ, असं लग्नात खपतं, इथं नाही.

६० वाट्या करायच्या असतील तर सगळं तिप्पट, पण पाणी एकूण १०३०० नं सुरू करा. मोठ्या भांड्यात वाफ त्या मानानं कमी जाते. मोठं भांडं आधी रिकामं तोला, गोदामातल्या ५० किलोच्या काट्यावर, आणि आमटी ११८५० वर जुळवा.

गहू आहे. कुणी गहू चालत नाही म्हणालं तर ही वाढू नका, बाजरीची भाकरी सोबत असली तरी.

बदल: आवृत्ती २ मध्ये मीठ ४५ होतं, सोबतच्या ठेच्याचं मीठ धरून ४० केलं. पुढचा बदल कार्डावर पेननं करायचा नाही. आधी मला सांगा, दोघांनीही नव्या मापानं एकेकदा करायची, मग कार्ड बदलू.