सीनियर क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लांट – फायनल राउंडच्या निर्णयाबद्दल

नमस्कार मॅडम,

मी निलेश, नाशिकहून आलो होतो, 2 जूनला चाकणला प्लांट हेड सरांसोबत माझा फायनल राउंड झाला होता. निघताना तुम्ही रिसेप्शनपाशी म्हणालात की शुक्रवारपर्यंत, म्हणजे 12 तारखेपर्यंत काय ते कळवते. आज 18 तारीख आहे. सोमवारी व्हॉट्सॲपवर एक छोटा मेसेज टाकला होता, कामाच्या गडबडीत राहून गेला असेल, आणि मला जे सांगायचंय ते जरा मोठं आहे म्हणून आता मेलच करतोय.

पहिल्यांदा सरळ विचारतो, माझ्या अर्जाचं सध्या काय चाललंय? सिलेक्शन झालंय आणि वरून अप्रूव्हल यायचंय, की अजून कोणाचे इंटरव्ह्यू बाकी आहेत, की पोस्टच होल्डवर गेलीय, की दुसऱ्या कोणाचं फायनल झालंय? यातलं जे असेल ते एका ओळीत लिहिलंत तरी चालेल. आणि अजून ठरलंच नसेल तर साधारण कधी ठरेल ती तारीख सांगा. सर त्या दिवशी म्हणाले होते की महिन्याच्या मध्यात आयएटीएफचं सर्व्हेलन्स ऑडिट आहे. मी स्वतः दरवर्षी त्यातून जातो, ऑडिटच्या आठवड्यात प्लांटमधे कोणाला जेवायला सुद्धा वेळ नसतो, तेव्हा त्यामुळे लांबलं असेल तर मला पूर्ण समजतं.

आता मी आज का विचारतोय ते पण स्पष्ट सांगतो कारण लपवून ठेवण्यासारखं काही नाही. छत्रपती संभाजीनगरला वाळूजमधल्या एका कंपनीची ऑफर माझ्या हातात आहे, लेटर आलंय, त्यांना बुधवारी 24 तारखेला हो किंवा नाही कळवायचंय. हे तुमच्यावर प्रेशर टाकायला किंवा आकडा वाढवून घ्यायला सांगत नाहीये. मला चाकणचं काम करायचंय आणि तुमचा निर्णय कळायच्या आधी तिकडे हो म्हणून नंतर फिरवणं मला जमणार नाही, तसं केलं तर त्यांची पण पोस्ट अडकते आणि माझा पण शब्द जातो. म्हणून मंगळवार 23 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून काही कळलं तर मला त्यांना नीट उत्तर देता येईल.

चाकणच का, तर तिथली नवीन हाउसिंग लाइन. पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच बसेल. वाळूजला चालू लाइन सांभाळायची आहे, ते काम मी आत्ता करतोच आहे. तुमच्याकडे लाइन उभी राहतानाच क्वालिटीचा माणूस आत असणार, कंट्रोल प्लॅन पहिल्यापासून लिहायचा, पीपॅप सबमिशन ऑक्टोबरमधे, कास्टिंगपासून लीक टेस्टपर्यंत सगळं एका छताखाली, असं काम आमच्याकडे नाशिकला मिळत नाही, इथे आमच्याकडे कास्टिंग बाहेरून येतं आणि मग पार्ट फेल झाला की आम्ही सप्लायरला मेल टाकायचा आणि त्यांनी आमच्या मशीनिंगवर ढकलायचं, मूळ कारणापर्यंत कोणी जातच नाही.

त्यावरूनच एक विनंती, खालचा भाग सरांना फॉरवर्ड कराल का? इंटरव्ह्यूनंतर सरांनी मला लाइनवर नेलं होतं आणि लीक टेस्टच्या स्टेशनपाशी थांबून विचारलं होतं की रिजेक्शन 6 टक्क्यांच्या आसपास अडकलंय, तू आलास तर सुरुवात कुठून करशील. मी सुरुवातीचं सांगत होतो तेवढ्यात त्यांना फोन आला आणि पुढे विषय राहिला. तो पूर्ण करतो.

सर, पहिला आठवडा मी डाय किंवा शॉटच्या पॅरामीटरला हात लावणार नाही. आधी टेस्टर बघणार. रेड बिनमधले पार्ट मी बघत होतो तेव्हा बऱ्याच पार्टवर मार्करने वेळ लिहिलेली होती आणि त्यातले बरेचसे सेकंड शिफ्टचे होते. वॉशिंग मशीनमधून पार्ट गरम बाहेर येतो आणि थेट लीक टेस्टला जातो. आपली टेस्ट प्रेशर डिकेची आहे, म्हणजे पार्टमधे हवा भरून बंद करायची आणि दाब किती पडतो ते मोजायचं. आता बंद हवेचं तापमान नुसतं 1 डिग्रीने हललं तरी दाब साधारण 0.3 टक्के हलतो, आणि आपण लीक म्हणून जो दाब पकडतो तो बऱ्याचदा त्यापेक्षा लहान असतो. पार्ट गार होत होत टेस्टला लागला तर आतला दाब पडतो आणि चांगला पार्ट फेल दिसतो. उलट आतली हवा पार्टच्या उष्णतेने तापत राहिली तर खरा लीक झाकला जातो, आणि हे जास्त वाईट कारण तो पार्ट कस्टमरकडे जातो. पार्ट नीट सुकला नसेल तर बारीक छिद्रात पाणी बसून तो पास होतो ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम असं की फेल झालेले पार्ट रात्रभर शॉपच्या तापमानाला ठेवायचे, सकाळी त्याच टेस्टरवर परत लावायचे आणि किती पास होतात ते बघायचं. सोबत मास्टर पार्ट आणि कॅलिब्रेटेड लीक लावून दोन्ही शिफ्टला टेस्टर काय दाखवतो ते लिहून ठेवायचं, आणि गेज आर अँड आर करायचं, ते 10 टक्क्यांच्या आत आलं तर टेस्टरवर विश्वास ठेवून पुढे जायचं, 30 च्या वर आलं तर आपण आजवर जे रिजेक्शन मोजलं तो आकडाच कामाचा नाही. सील घासलेत का, फिक्स्चरमधे चिप अडकते का हे पण त्यातच कळतं.

यातून जे खरे लीक उरतील त्यांना पाण्यात बुडवून बुडबुडा नेमका कुठून येतो ते मार्क करायचं आणि सगळे ठिपके एकाच ड्रॉइंगवर उतरवायचे. माझा अंदाज असा की मशीनिंग झालेल्या बॉसभोवती ते गोळा होतील. डाय कास्टिंगची वरची कातडी दाट असते, आत पोरोसिटी असते, मशीनिंगला जास्त स्टॉक ठेवला की आपणच ती कातडी काढून आतली छिद्रं उघडी करतो. ते पार्ट कापून बघितले की कारण पण कळतं, छिद्र गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर अडकलेला गॅस, म्हणजे व्हेंट, व्हॅक्यूम, डायचा स्प्रे इकडे बघायचं, आणि वेडंवाकडं, खरबरीत, जाड भागात असेल तर श्रिंकेज, म्हणजे कूलिंग आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि हे वेगळं न करता पॅरामीटर हलवले की एक बरं होतं आणि दुसरं बिघडतं. इम्प्रेग्नेशन करून पार्ट वाचवता येतात आणि पीपॅपपर्यंत कदाचित ते करावंही लागेल, पण तो खर्च कायमचा लाइनवर बसू नये असं मला मनापासून वाटतं.

मॅडम, सरांसाठीचं इथपर्यंत. पुढचं परत तुमच्यासाठी.

नोटीस पिरियड माझा 60 दिवसांचा आहे हे मी फॉर्ममधे लिहिलंय. 25 जूनला राजीनामा टाकला तर 24 ऑगस्टला मी मोकळा होतो आणि सप्टेंबरच्या 1 तारखेला आरामात जॉइन होऊ शकतो, म्हणजे पीपॅपच्या आधी एक महिना तरी लाइनवर मिळतो. 10 जुलैला टाकला तर 8 सप्टेंबर, म्हणजे एकदम गणपतीच्या तोंडावर. आमच्याकडे बायआउट देत नाहीत, उरलेल्या सुट्ट्या पण नोटीसमधे धरत नाहीत, मी एचआरला विचारून घेतलंय, त्यामुळे मधले दिवस कमी करणं माझ्या हातात नाही. निर्णय जेवढा लांबेल तेवढं जॉइनिंग लांबणार एवढंच लक्षात असू द्या.

कागदपत्रांत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, अप्रेझल लेटर आणि यूएएन मी आधीच पाठवलंय. यंदाचा फॉर्म 16 आता हातात आला, तो या मेलला जोडलाय. रेफरन्सचे जे दोन नंबर दिलेत त्या दोघांना मी कल्पना दिलीय, तुमचा फोन आला तर ते बोलतील. फक्त सध्याच्या कंपनीत चौकशी ऑफर लेटरनंतरच करा प्लीज, इथे अजून कोणाला माहीत नाही.

पगारावर अडलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. मी 12 लाख म्हणालो होतो. व्हेरिएबल कमी ठेवून फिक्स्डमधे 11.25 पर्यंत मिळत असेल तर मी हो म्हणेन, त्याखाली मात्र जमणार नाही कारण घर हलवायचंय. मुलीची शाळा 15 तारखेला सुरू झालीय, ती दुसरीत आहे, वर्ष अर्ध्यात दाखला काढून चाकण किंवा भोसरीकडे ॲडमिशन घ्यायची तर आत्तापासून दोन-तीन शाळांत विचारून ठेवावं लागेल, बायकोला पण तिच्या क्लिनिकमधे सांगावं लागेल. आमच्या घरी रोज संध्याकाळी हाच विषय असतो, त्यामुळे तारीख कळणं आमच्यासाठी खरंच खूप मोलाचं आहे.

आणि माझं नाव बाजूला पडलं असेल तर तसं सांगायला संकोच करू नका. वाईट वाटेल, पण नकार वेळेत कळला तर 24 च्या आत पुढचं ठरवता येईल. तसं असेल तर सरांना नेमकं काय कमी वाटलं ते एखाद्या वाक्यात कळवलंत तर मी त्यावर काम करेन. कास्टिंगचा थेट अनुभव कमी आहे म्हणून असेल तर मी समजू शकतो.

या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, शॉप फ्लोअरवर फोन लॉकरमधे ठेवावा लागतो. दुपारी 12 ते 12.30 जेवणाच्या सुट्टीत किंवा साडेतीननंतर कधीही फोन करा, शनिवारी पूर्ण दिवस मोकळा आहे. सरांना लीक टेस्टबद्दल अजून काही विचारायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर पण येईन, आणि समोर बसून बोलायचं असेल तर रविवारी नाशिकहून सकाळी निघून येतो.

आपला,
निलेश