तारखांची प्रश्नमंजुषा: लेबल प्रशिक्षण, दुसरा दिवस

(सातारा तालुक्यातल्या चिवडा, चटणी आणि पनीर करणाऱ्या बचत गटांसाठी)

तायांनो, उत्तरं खालीच दिली आहेत. आधी ती वहीने झाका, आपलं उत्तर लिहा आणि मगच ताडून पाहा. काल तोंडी विचारलं तेव्हा पहिल्या प्रश्नावर जवळजवळ सगळ्या अडल्या होत्या, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न 1. शेंगदाणा चटणीच्या पाकिटावर एवढंच छापलंय: ‘उत्पादन फेब्रुवारी 2025, बेस्ट बिफोर 4 महिने’. चालेल का?
अ) हो  ब) नाही

उत्तर: ब. लेबलिंगच्या 2020च्या विनियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ या दोन गोष्टी छापाव्याच लागतात. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. जोडीला लिहिता येतं, पण त्याच्यावर भागत नाही. माल तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारा असेल तर महिना आणि वर्ष पुरे. तीन महिने किंवा त्याहून कमी टिकणार असेल तर दिवससुद्धा हवा.

प्रश्न 2. फ्रीजमधल्या पनीरची ‘यूज बाय’ तारीख परवा संपली. वास चांगला आहे. मुलांच्या डब्यात द्यायचं का?

उत्तर: नाही. लिस्टेरियासारखे जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात आणि वासावरून ते कळत नाहीत. ‘यूज बाय’ उलटली की माल विकायचाही नाही. ‘बेस्ट बिफोर’चं तसं नाही. ती तारीख चवीची, रंगाची, कुरकुरीतपणाची. ती गेल्यावर चिवडा थोडा सादळलेला लागेल, पण खाण्यालायक असू शकतो.

प्रश्न 3. तुमच्या पोह्यांच्या चिवड्याची मुदत कशी ठरवाल?
अ) बाजारातल्या दुसऱ्या पाकिटावरची उतरवून  ब) दुकानदार म्हणेल तेवढी  क) स्वतःचा माल ठेवून, तपासून

उत्तर: क. आधी विचार करायचा, या पदार्थात सगळ्यात आधी काय बिघडतं? चिवड्यात तेल खवट होतं, नाहीतर तो सादळतो. ओल्या नारळाच्या करंजीत सारणाला आंबूस वास येतो, बुरशी धरते. लिंबाच्या लोणच्याला आंबटपणा आणि मीठ सांभाळतं, ओल्या खोबऱ्याच्या चटणीला यातलं पुरेसं काही नसतं. जे आधी बिघडतं, मुदत त्याच्यावरून ठरते.

मग तीन वेगवेगळ्या घाण्यांची पाकिटं, ज्या पिशवीत विकणार त्याच पिशवीत सील करून ठेवायची. साध्या पारदर्शक पिशवीत ठेवून पाहिलं आणि विकलं चंदेरी पिशवीत, तर त्या चाचणीला अर्थ नाही. दर पंधरा दिवसांनी एकेक पाकीट फोडायचं. आधी नाक पिशवीच्या तोंडाशी न्या: खवट वास पहिल्या क्षणाला सगळ्यात स्पष्ट येतो, दोन श्वासांनंतर नाक सरावतं. मग शेंगदाणा चावायचा, कारण पोह्याच्या आधी तो कळवतो. प्रयोगशाळेत त्याच दिवशी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट व्हायला लागल्याचं माप, आणि ओलावा मोजून घ्या. सगळं वहीत, तारखेसह. जो शेवटचा चांगला दिवस, त्याच्याही अलीकडची तारीख छापायची.

प्रश्न 4. घाई आहे म्हणून चिवडा 45 अंशांवर ठेवला. 30 दिवसांत खवट झाला. दर 10 अंशांनी बिघडण्याचा वेग दुप्पट होतो असं धरा. मुदत किती?

उत्तर: 25 अंशांना 120 दिवस निघतात. गणित बरोबर, पण तारीख चुकीची. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात 25 अंश कुठून येणार? 35 अंश धरले तर 60 दिवस, आणि सुरक्षित अंतर ठेवून 50. म्हणजे 5 मेच्या घाण्यावर 24 जून. हाही अंदाजच; प्रत्यक्ष ठेवलेली पाकिटं पुढे तपासत राहायचीच. खव्याच्या पेढ्यांना हा घाईचा रस्ता अजिबात लावू नका.

प्रश्न 5. मिठाईच्या दुकानातल्या सुट्ट्या बर्फीला तारीख लागते का?

उत्तर: हो. 1 ऑक्टोबर 2020 पासून ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ दाखवणं बंधनकारक झालं.

प्रश्न 6. माल उरला. जुन्या तारखेवर नवं स्टिकर?

उत्तर: कधीच नाही. मी एकदा उपवासाची भाजणी घेतली, स्टिकरचा कोपरा निघाला तर खाली चार महिने जुनी तारीख. पीठ कडवट होतं. घरात आजारी सासूबाईंसाठी ते थालीपीठ लावायचं होतं. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही, आणि आपल्या गटाच्या पाकिटामुळे तो कुणाला यावा असं मला वाटत नाही.

प्रश्न 7. पाकीट उघडल्यावरही छापलेली तारीखच धरायची का?

उत्तर: नाही. ती तारीख सीलबंद पाकिटाची, तीही लिहिलेल्या साठवणुकीत. म्हणून तारखेजवळच लिहा: ‘कोरड्या, थंड जागी ठेवा. उघडल्यावर हवाबंद डब्यात काढून 10 दिवसांत संपवा.’ हे 10 दिवससुद्धा पाकीट उघडून, रोज चाखून ठरवायचे.

पुढच्या मंगळवारी येताना प्रत्येकीने आपलं छापलेलं लेबल, घाण्याची वही आणि पंधरा दिवस जुनं एक सीलबंद पाकीट आणा. इथेच फोडू.