परीक्षेच्या महिन्यांतील उष्म्यासाठी वर्गांच्या छतांवर उष्णतारोधक थर देण्याबाबत

दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
दांडिया बाजार, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

येत्या बैठकीत दुरुस्ती-खर्चाचा विषय निघेल, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे सहा वर्ग आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या दोन खोल्या यांच्या छतांचा विचार आधी व्हावा, ही विनंती.

गेल्या एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा चालू असताना आपल्या विज्ञान शिक्षकांनी दुपारी तीन वाजता तपमान मोजले. तळमजल्यावरच्या वर्गात ३५ अंश, दुसऱ्या मजल्यावर ३९ आणि पत्र्याखाली ४२. स्लॅबची खालची बाजू ४४ अंशांवर होती. स्लॅब सकाळपासून ऊन पितो आणि ते दुपारनंतर खाली सोडतो, म्हणजे नेमके नववी-अकरावीची मुले पेपर लिहीत असताना. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. घामाने उत्तरपत्रिकेवरची शाई फिसकटते, शेवटच्या तासात पाणी मागणाऱ्यांची रांग लागते. पर्यवेक्षकही दाराबाहेर उभे राहू पाहतात, आणि त्यांना बोल लावणे मला जड जाते.

‘पेपर सकाळी घ्या’ ही सूचना दरवर्षी येते. सकाळी इमारत प्राथमिक विभागाकडे असते, दुपारपाळी आपली. दोन्ही विभागांचे पेपर एकाच वेळी बसवायला वर्गच नाहीत.

सदस्यांनी सुचवलेल्या एसीचा हिशेब मी करून पाहिला. पन्नास मुलांच्या वर्गाला दोन-दोन टनांची दोन यंत्रे, म्हणजे आठ खोल्यांना सोळा. त्यांची किंमत खालच्या अंदाजाच्या आसपासच जाते, वर विजेचा मंजूर भार वाढवावा लागेल आणि बिल कायमचे मागे लागेल. तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे. छत आधी, बाकीचे नंतर.

स्वस्तातला दुसरा मार्ग म्हणून थर्मोकोलचे फॉल्स सीलिंग सुचवले गेले आहे. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. २०१९ साली सुरतेत क्लासच्या आगीत २२ जणांचे प्राण गेले. मुलांच्या डोक्यावर पेट घेणारे काहीही नको.

म्हणून प्रस्ताव असा. स्लॅबच्या वरच्या बाजूला, वॉटरप्रूफिंगवर, ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचे, बोर्ड बसवावेत आणि त्यावर सिमेंटचा थर देऊन पांढरा चायना मोझॅक करावा. पांढरा रंग ऊन परतवतो, बोर्ड उरलेली उष्णता अडवतो, आणि बोर्ड सिमेंटखाली झाकलेला राहतो. नुसता पांढरा रंग पुष्कळ स्वस्त पडतो. अहमदाबादेत झोपडवस्त्यांच्या छतांवर त्याचा वापर झालाही आहे. पण आपल्या गच्चीवर धूळ आणि कबुतरांची घाण इतकी साचते की रंग दरवर्षी द्यावा लागेल. शिवाय उत्तरायणाला अगाशीवर किती पाय पडतात हे आपण सर्व जाणताच, तेव्हा वरचा थर पक्काच हवा.

पत्र्याच्या खोल्यांना जुने पत्रे काढून रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरलेली पॅनेल बसवावीत. फोम भरलेली पफ पॅनेल हलकी आणि स्वस्त, पण फोम पेट घेतो, रॉकवूल जळत नाही. त्याचे वजन जास्त असल्याने कैच्या, आणि स्लॅबवरचा वाढीव भारही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

खर्च: स्लॅब ३,००० चौरस फूट, दर १९० रुपये, म्हणजे ५.७० लाख, पत्र्याच्या खोल्या १,००० चौरस फूट, दर २६० रुपये, म्हणजे २.६० लाख. जीएसटी धरून एकूण ८.३० लाख. एवढी तरतूद यंदा शक्य नसेल तर पत्र्याच्या खोल्या आणि पश्चिमेकडचे दोन वर्ग आधी घ्यावेत. तिथेच सर्वांत जास्त त्रास आहे.

याने वर्ग गार होणार नाहीत, फक्त छतातून येणारी उष्णता कमी होईल. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे किंवा बांबूचे पडदे लागतीलच. तो किरकोळ खर्च शाळेच्या फंडातून भागवता येईल.

वेळेबाबत एक अडचण आहे. दिवाळी वेकेशनमध्ये काम सोयीचे वाटते, पण मजूर बहुतेक दाहोदकडचे, ते दिवाळीला गावी जातात. तेव्हा पाऊस ओसरताच, नवरात्रीनंतर गच्चीचे काम सुरू करावे. वर्ग चालू असतानाही ते होऊ शकते. पत्र्याच्या खोल्या मात्र वेकेशनच्या शेवटच्या आठवड्यात, मजूर परतल्यावर घ्याव्यात. ठेकेदाराची दहा टक्के रक्कम पुढच्या जुलैच्या पावसात गळती नाही हे पाहूनच द्यावी. एप्रिलमध्ये त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा तपमान मोजून आकडे समितीपुढे ठेवीन.

सोबत दोन ठेकेदारांचे दरपत्रक आणि तपमानाच्या नोंदी जोडल्या आहेत. बैठकीत इंजिनिअरची तपासणी तेवढी मंजूर झाली तरी नवरात्रीपूर्वी ती उरकता येईल.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका, माध्यमिक व उच्च माध्यमिक विभाग